दुबईच्या नोकरीसाठी डिग्री अटेस्टेशन: रिक्रूटरला आधी काय विचारायचं

आधी रिक्रूटरला ईमेलवर विचारा, ‘अपॉस्टिल हवं की दूतावासाचा शिक्का?’ अपॉस्टिल म्हणजे हेग करारातल्या देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का. फोनवरचं ‘अटेस्टेड डिग्री लागेल’ पुरेसं नाही. यूएई या करारात नाही, त्यामुळे तिथे नुसतं अपॉस्टिल चालत नाही.

तुमची डिग्री पुणे विद्यापीठाची असेल, तर आधी महाराष्ट्र शासनाचं अटेस्टेशन, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास. शेवटचा शिक्का यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. तो कंपनी करणार की तुम्ही, आणि खर्च कुणाचा, हेही लेखी घ्या.

मुदतीबद्दल नेमकं विचारा: कागद ऑफर लेटरपासून किती दिवसांत, आणि व्हिसाआधी की रुजू झाल्यावर? विद्यापीठाच्या पडताळणीला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून तारीख कबूल करण्याआधी तिथे चौकशी करा.

नवखे हमखास चुकतात ते भाषांतरात. अरबी भाषांतर लागणार असेल तर सगळे शिक्के झाल्यावरच करा, नाहीतर शिक्क्यांचा मजकूर त्यात येत नाही. ते तिथल्या परवानाधारक अनुवादकाचंच हवं का, विचारा; इथे भारतात करून घेतलेलं वाया जाऊ शकतं.

आणि डिग्री लॅमिनेट करू नका! शिक्का मागच्या बाजूला बसतो. मूळ प्रत पोचपावतीशिवाय कुणालाच देऊ नका, एजंट कितीही ओळखीचा असला तरी.