भूगोलाचे बावीस

प्रश्न: रात्रशाळेतून दहावी देतोय, दिवसा कंपनीत हेल्पर आहे. आता फक्त भूगोल राहिलाय. ऑपरेटरच्या जागेसाठी कंपनीला ६० टक्के हवेत. शेवटच्या पेपरात किती पडले म्हणजे जमेल, हे कसं काढायचं? कुणी केलंय का असं?

उत्तर:

केलंय. तेही भोसरीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून, दोन शिफ्टच्या मधे. तेव्हा काय घडलं तेच सांगतो, त्यात तुझा हिशोब आपोआप येईल.

मार्च २०२० ची गोष्ट. शुक्रवारी रात्रपाळी केली, सकाळी सातला सुटलो, तोंड धुऊन थेट पुण्यात परीक्षा केंद्रावर गेलो. अकरा ते एक इतिहासाचा पेपर दिला आणि तीनच्या सेकंड शिफ्टसाठी परत भोसरीला. कोरोनामुळे त्या दिवसापासून बहुतेक कंपन्या बंद झाल्या होत्या, पण आमच्याकडे औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनायची, म्हणून आमचं काम चालूच होतं. सोमवारी, २३ तारखेला भूगोल, की परीक्षा संपली.

शिफ्टला अर्धा तास होता. एका खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतला आणि त्यावर अंदाजाचे मार्क लिहिले, लेखी आणि अंतर्गत धरून. मराठी ६६, हिंदी ६२, इंग्रजी ४३, गणित ५१, विज्ञान ५८. बेरीज २८०. समाजशास्त्रात अंतर्गत २० पैकी १७ मिळणार हे बाईंनी सांगितलं होतं, आणि नुकत्याच दिलेल्या इतिहासात ४० पैकी २४ धरले. म्हणजे त्या विषयाचे ४१ हातात. सहा विषय, सहाशे मार्क, त्याचे ६० टक्के ३६०. त्यातून २८० गेले, राहिले ८०. त्यातून ४१ गेले, राहिले ३९.

भूगोलात चाळीसपैकी एकोणचाळीस! मी पेन ठेवून दिलं. रात्रभर जागलेला माणूस, डोळ्यांत पाणीच आलं.

समोर आमचे मोल्डिंगचे ऑपरेटर, आम्ही त्यांना काका म्हणायचो, डबा खात होते. पुठ्ठा स्वतःकडे ओढून त्यांनी नीट पाहिला. त्यांची मुलगी आदल्याच वर्षी दहावी झाली होती. ते म्हणाले, "अरे, सहाशे कशाला धरलेस? टक्के पाचांवर काढतात. सगळ्यात कमीचा विषय सोडून दे."

आपल्या बोर्डात टक्केवारी सर्वांत जास्त मार्क असलेल्या पाच विषयांची काढतात, पाचशेपैकी. पास मात्र सहाही विषयांत व्हावं लागतं. माझं सगळ्यात कमी इंग्रजी, ४३. ते पासाच्या वर होतं, म्हणजे हिशोबातून बाहेर. २८० मधून ४३ गेले, राहिले २३७. पाचशेचे ६० टक्के ३००, म्हणजे समाजशास्त्रात ६३ हवेत. ४१ हातात आहेत, तर भूगोलात २२.

एकाच पुठ्ठ्यावर ३९ चे २२ झाले. मी २२ भोवती गोल केला. काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तूही लक्षात ठेव: "हे सगळे तुझे अंदाज आहेत, त्यामुळे २२ धरून अभ्यास करू नकोस, सत्तावीस धर." खरंच होतं ते. पाच विषयांत एकेक मार्क जरी जास्त धरला गेला असेल, तरी तो खड्डा शेवटी भूगोलालाच भरावा लागणार. पेपर देऊन बाहेर पडल्यावर माणूस स्वतःला दोन-चार मार्क जास्तच देतो. लिहिलेलं सगळं आठवतं, चुकलेलं आठवत नाही.

शिफ्ट लागली. माझं काम वजनाचं. झाकणं हातानं मोजत बसत नाहीत. आधी शंभर झाकणं मोजून त्यांचं वजन घ्यायचं आणि त्यावरून पुढची खोकी काट्यावर भरायची. त्या शंभरात एखाद्या झाकणाला रनरचा तुकडा, म्हणजे साच्याच्या नळीतलं जास्तीचं प्लास्टिक, चिकटून राहिला तर नमुना जड होतो आणि त्यावर भरलेल्या प्रत्येक खोक्यात झाकणं जास्त जातात. मी झाकणं चाळत होतो आणि मनात ब्राझीलचा नकाशा काढत होतो. त्या संध्याकाळी मोबाइलवर बातमी आली, भूगोलाचा पेपर पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. एप्रिलमध्ये पेपर रद्दच झाला आणि कळलं, की भूगोलाचे मार्क बाकीच्या पेपरांतल्या गुणांच्या सरासरीवरून देणार.

आता सरासरी धरून पुन्हा मांडलं. माझ्या अंदाजानं लेखीचे मराठी ४९, हिंदी ४६, इंग्रजी २८, गणित ३६, विज्ञान ४२, प्रत्येकी ८० पैकी, आणि इतिहास ४० पैकी २४. एकूण ४४० पैकी २२५. चाळीसच्या मापानं साधारण साडेवीस. दीड मार्क कमी! मग इंग्रजी बाजूला ठेवून तेच केलं. ३६० पैकी १९७, म्हणजे चाळीसपैकी जवळजवळ २२. म्हणजे पाचांच्या हिशोबातून ज्या इंग्रजीला मी बाहेर काढलं होतं, तेच सरासरीतून परत आत आलं होतं. नमुन्यात एक झाकण वेगळ्या वजनाचं निघावं, तसं.

२९ जुलैला निकाल लागला. मराठी ६८, हिंदी ६२, गणित ४९, विज्ञान ५९, इंग्रजी ४१. समाजशास्त्र ६०, कारण इतिहासात २४ ऐवजी २३ आणि सरासरीचा भूगोल २०. इंग्रजी सोडून बेरीज २९८, म्हणजे ५९.६० टक्के. ऑपरेटरची जागा त्या वर्षी दुसऱ्याला गेली. मशीनवर मी दोन वर्षांनी उभा राहिलो, तेही दुसऱ्या कारखान्यात. दोन मार्कांचं दुःख मला अजून आहे, खोटं कशाला बोलू. पेपर झाला असता तर ते माझ्या हातात होते असं वाटतं.

तुझा पेपर होणार आहे, म्हणून तुला सरासरीशी देणंघेणं नाही. एवढंच कर. समाजशास्त्र सोडून बाकीचे पाच विषय अंतर्गत धरून लिही, त्यातला सगळ्यात कमीचा खोड. राहिलेल्या चारांची बेरीज ३०० मधून वजा केलीस की समाजशास्त्रात किती हवेत ते कळेल, आणि त्यातून अंतर्गत व इतिहास वजा केलास की भूगोल. आलेला आकडा चाळीसच्या वर गेला, तर या वाटेनं ६० टक्के जमणार नाहीत. समाजशास्त्रच सगळ्यात कमी राहणार असेल, तर तोच विषय सुटतो आणि टक्के बाकीच्या पाचांवर ठरतात, भूगोलात फक्त समाजशास्त्र पास होण्यापुरते मार्क हवेत. म्हणून दोन्ही प्रकारे मांडून पाहा.

अभ्यासाला वेळ थोडा असेल तर नकाशा आणि आलेख आधी घे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला लांबलचक उत्तरं आठवत नाहीत, पण दहा वेळा भरलेला नकाशा हाताला आठवतो. मी त्या आठवड्यात पुठ्ठ्यांच्या पाठीमागे भारत आणि ब्राझील किती वेळा काढले असतील, मोजदाद नाही. आणि इतिहासाचा आकडा लिहिताना दोन कमीच धर.