ट्रेंडलाइन चढती दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नकोस

तू चिकोडी-निपाणीकडच्या उसाचा आलेख काढलायस: आडवं पाण्याच्या पाळ्या, उभं एकरी टन. रेषा चढतेय, पण शेजारी R² = 0.09 आहे, तो आधी वाच: टनांतल्या चढउतारापैकी जेमतेम 9 टक्केच ही रेषा सांगते. त्याचं वर्गमूळ म्हणजे सहसंबंधाचा आकडा, तो 0.3, म्हणजे संबंध कमकुवत. समज, नुसती सरासरी धरून एखाद्या फडाचा अंदाज साधारण 10 टनांनी चुकत असेल, तर ही रेषा वापरूनही तो साडेनऊ टनांनी चुकेल. त्यामुळे ‘एक पाळी वाढवा, इतके टन वाढतील’ असं कुणा शेतकऱ्याला यावरून सांगू नकोस.

पण पाण्याचा परिणामच नाही, असंही म्हणू नकोस. लावण आणि खोडव्याचे ठिपके वेगळ्या रंगात टाक. दोघांचं उत्पन्न मुळातच वेगळं असतं. एकत्र घातलं की ठिपके विस्कटतात आणि आतला संबंध झाकला जातो. मला पहिला संशय याचाच आहे.

अगदी उजवीकडे एकच ठिपका सुटा पडलाय ना? तो लपवून रेषा पुन्हा काढ. चढ नाहीसा झाला, तर तुझी रेषा त्या एका फडावरच उभी होती. तरीही तो खोडून टाकू नकोस. आधी नोंद तपास.