पेंडुलम सर्व्हिस: बॉलच्या आधी बॅट बघा

या वेळच्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे, टेबल टेनिसमधली उजव्या हाताच्या खेळाडूची फोरहँड पेंडुलम सर्व्हिस. आपल्या तालुक्यांतल्या शालेय स्पर्धांत साइडस्पिन म्हणून सगळ्यात जास्त हीच दिसते. म्हणून उत्तरंही तिच्याभोवतीच ठेवली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे दोन्ही खेळाडू उजव्या हाताचे आहेत असं धरा.

प्रश्न: समोरचा पोरगा पेंडुलम सर्व्हिस मारते. मी बॅट सरळ धरतो, तरी बॉल माह्या उजव्या बाजूनं टेबलाच्या बाहेर जाते. बॅट धराव कुठं? (दहावीचा विद्यार्थी, वरुड)

तुझ्या डावीकडे. जाळीचा डावा खांब दिसतो ना, सुरुवातीला थेट त्याच्या रोखानं बॉल परत कर. बॉल त्या खांबाकडे जाणार नाही, टेबलाच्या मधोमध कुठंतरी पडेल.

कारण समजून घे, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. त्या मुलाची बॅट त्याच्या उजवीकडून डावीकडे, पोटासमोरून जाते. बॉलच्या त्याच्याकडच्या बाजूला ती घासते आणि ती बाजू त्याच्या डावीकडे ओढते. त्यामुळे बॉल भोवऱ्यासारखा उभ्या आसावर फिरायला लागतो, हाच साइडस्पिन. मागची बाजू त्याच्या डावीकडे जात असेल, तर पुढची, म्हणजे तुझ्या बॅटीवर येणारी बाजू त्याच्या उजवीकडे जात असणार. ती तुझ्या रबरावर टेकली की रबर तिला अडवतं आणि बॉल उलट दिशेला ढकलला जातो. त्याचं डावं म्हणजे तुझं उजवं. म्हणून बॉल उजव्या बाजूनं बाहेर.

यातून एक साधा हिशेब निघतो. सर्व्हिस करताना बॅट ज्या बाजूला गेली, त्याच बाजूला तुझा बॉल पळणार. म्हणून नेम धरायचा तो बॅट जिथून निघाली त्या बाजूला. सर्व्हिसचं नाव ठाऊक नसलं तरी हा हिशेब चालतो. रिव्हर्स पेंडुलममध्ये बॅट पोटाकडून बाहेर जाते, तिथे सगळं उलट होईल. पण नियम तोच.

आणखी दोन गोष्टी. बॅट नुसती लावून ठेवलीस तर स्पिन पूर्ण लागतो. स्ट्रोक नेटका, जरा जोरात मारलास तर बॉल लवकर सुटतो आणि तेवढाच आडवा धक्का त्याला कमी वळवतो. दुसरं असं की, आस उभा असल्यामुळे बॉलचा अगदी वरचा आणि अगदी खालचा भाग जवळजवळ फिरतच नाही. बॅट उघडी ठेवून बॉलच्या बुडाशी पुश केलास तर साइडस्पिन फारसा जाणवणार नाही. मधोमध, पोटावर लावलीस की सगळा जाणवेल. तुझी बॅट 'सरळ' असते म्हणतोस, म्हणजे तू पोटावरच लावतोयस.

प्रश्न: अॅक्शन तीच, हात तसाच, पण एकदा माझा बॉल जाळीत जातो आणि पुढच्याच वेळी हवेत उंच उडतो. फरक कुठे बघायचा? (अकरावीची विद्यार्थिनी, आर्वी)

फरक अॅक्शनमध्ये शोधू नकोस, तो तिथे नसतोच. तो बॅट बॉलला लागते त्या क्षणात असतो.

पेंडुलममध्ये बॅटचं टोक खाली असतं आणि बॅट एक कमान काढते: उजवीकडून उतरते, तळाशी येते, मग डावीकडे वर चढते. बॉलची भेट उतरत्या भागात झाली तर बॅट खाली आणि डावीकडे जात असते, तो साइड-बॅक, म्हणजे बॉल आडवा आणि उलटाही फिरतो. तळाशी झाली तर जवळपास निव्वळ साइड. चढत्या भागात झाली तर साइड-टॉप, म्हणजे आडवा आणि पुढेही फिरतो. एकाच कमानीत तीन सर्व्हिस बसतात. हुशार खेळाडू पुढे आणखी एक काम करतो. साइड-बॅक मारल्यावर कोपर झटक्यात वर उचलतो, म्हणजे तुला टॉप वाटावा. साइड-टॉप मारल्यावर हात खाली कापत नेतो, म्हणजे तुला बॅक वाटावा. बॉल लागल्यानंतरची ही सगळी हालचाल फक्त तुझ्यासाठी केलेली असते. बॉल बॅटीवर साधारण सेकंदाचा हजारावा भाग असतो, त्यानंतर हातानं काहीही केलं तरी स्पिन बदलत नाही.

एक पॉइंट हळू करून बघू. स्कोअर 9-9. समोरची मुलगी तिच्या डाव्या कोपऱ्यात उभी आहे आणि तिरपी सर्व्हिस तुझ्या बॅकहँडला टाकते. बॉल वर गेला की बहुतेक मुली मान वर करून बॉलकडेच बघतात. तू तसं करू नकोस. बॉल खाली येऊ लागला की नजर तिच्या कमरेजवळ, जिथे बॅट आणि बॉल भेटणार तिथे आणून ठेव. बॅट उतरत असताना भेट झाली, रबराचा तोंडवळा आभाळाकडे होता आणि घासल्याचा बारीक आवाज आला. मग कोपर वर उडालं. ते तू सोडून दिलंस. साइड-बॅक, ठरलं. बॉल हवेत तुझ्या डावीकडे, म्हणजे तुझ्या बॅकहँडपासून दूर वळत जातोय. हात लांबवलास तर उशीर होणार आणि बॅट कलणार, म्हणून आधी डावा पाय टाकायचा. मग बॅट उघडी ठेवून, बॉलच्या खाली, सरळ रेषेत तिच्या फोरहँडच्या बाजूला नेम धरून पुश. आडव्या स्पिनमुळे बॉल उजवीकडे सरकतो आणि टेबलाच्या मध्यावर पडतो.

कोपर बघून तू टॉप समजली असतीस, तर बॅट झाकली असतीस आणि बॉल जाळीत गेला असता. तुझं नेमकं तेच होतंय.

चुकलेला बॉल फुकट घालवू नकोस, तो उत्तर सांगतो. उजवीकडे गेला की डावीकडे, यावरून साइडची दिशा कळते. जाळीत गेला की उडाला, यावरून बॅक की टॉप ते कळतं. उजवीकडे आणि जाळीत गेला तर तो साइड-बॅक होता. उजवीकडे आणि उंच गेला तर साइड-टॉप. प्रत्येक चुकीनंतर मनात एवढंच म्हण आणि पुढच्या सर्व्हिसला उभी राहा. पहिल्या गेममध्ये असं केलंस, तर दुसऱ्या गेमपर्यंत त्या मुलीची कमान तुझ्या ओळखीची होते.

प्रश्न: आमच्या समाजमंदिरात एकच ट्यूबलाइट आहे. बॅट कुठे लागली ते मुलांना दिसत नाही. नुसत्या बॉलवरून स्पिन ओळखता येतो का? (क्रीडाशिक्षक, सिंदेवाही)

सर, काही प्रमाणात येतो, पण बॅटीवरून कळतं त्यापेक्षा उशिरा. म्हणून बॉलकडे शंका फेडण्यासाठी बघायला शिकवा, पहिला अंदाज बॅटीवरूनच बांधू द्या.

हवेत बॉल वळतो तो बॅट गेली त्याच्या उलट दिशेला. पेंडुलमचा बॉल रिसीव्हरच्या डावीकडे वाकतो. वाकलाच नाही तर स्पिन कमी आहे, अॅक्शन कितीही मोठी असो. साइड-बॅक हवेत तरंगल्यासारखा येतो आणि टप्प्यानंतर थबकतो. साइड-टॉप लवकर खाली उतरतो आणि टप्प्यानंतर पुढे पळतो. टप्प्यावर बॉल आडवा उडी मारत असेल, तर बॅट बॉलच्या पोटाखालून गेली होती असं समजा. निव्वळ उभ्या आसाचा स्पिन हवेत वळवतो, टेबलावर फार आडवा उडवत नाही. बॉलवरचा छापही कामाचा आहे. छाप वाचता आला तर बॉलला स्पिन जवळजवळ नाही. नुसता धुरकट पट्टा दिसला तर भरपूर आहे.

यात अडचण वेळेची आहे. टप्प्यानंतरची चाल बघून ठरवायचं म्हणजे बॉलला थोडं येऊ द्यावं लागतं, आणि तेवढ्यात साइडस्पिन त्याला आणखी लांब नेतो. म्हणून नवीन मुलांना टप्प्याचा सर्वांत वरचा बिंदू येईपर्यंत थांबू द्या. ओळख बसली की बॉल लवकर घ्यायला लावा.

उन्हाळ्यात कूलर किंवा पंखा सुरू असेल तर आधी तपासून घ्या. बॉल 2.7 ग्रॅमचा असतो, वारा त्याला सहज ढकलतो. अजिबात स्पिन न देता दोन-चार सर्व्हिस टाका. त्याही एकाच बाजूला वळल्या तर ते वाऱ्याचं काम आहे, आणि मुलं त्यालाच साइडस्पिन समजत असतील. कूलरच्या घरघरीत घासल्याचा बारीक आवाजही ऐकू येत नाही, म्हणून रिसीव्हच्या सरावापुरता तो बंदच ठेवा.

उजेडावर मोबाइल हा चांगला उपाय आहे. दिवसा, दार उघडं असताना, रिसीव्हरच्या जागेवरून सर्व्हिसचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. बॅट लागते त्या क्षणी थांबवा आणि विचारा, बॅट उतरतेय की चढतेय, कुठून कुठे चाललीय? उत्तर आलं की पुढचा भाग दाखवा. ट्यूबलाइटखाली जे दिसत नाही, ते कुठे शोधायचं एवढं तरी डोळ्यांना कळतं.

शाळेच्या बॅटींचं रबर गुळगुळीत झालं असेल किंवा त्यावर धूळ असेल, तर ते बॉलला पकडत नाही. बॅट जोरात फिरते, पण स्पिन येत नाही, आणि मुलांचे डोळे चुकीची जोडी शिकतात. ओल्या फडक्यानं रबर पुसून वाळू द्या. सर्व्हिस करणाऱ्याला तरी त्यातल्या त्यात बरी बॅट द्या.

प्रश्न: डावखुरा समोर आला की मले काहीच सुधरत नाही. (पुसद)

हिशेब वरचाच आहे, फक्त आरशात बघा. त्याची पेंडुलम त्याच्या डावीकडून उजवीकडे जाते. बॉल हवेत तुमच्या उजवीकडे, फोरहँडपासून दूर पळतो. तुमच्या बॅटीला लागला की तुमच्या डावीकडे जातो. नेम उजवीकडे धरा, आणि टेबलाच्या उजव्या बाजूला अर्धं पाऊल जास्त सरकून उभे राहा. बॅट जिथून निघाली तिकडे, हा नियम त्यालाही लागू आहे.

प्रश्न: एक जण मोकळा हात पुढे आणून बॉल झाकतो, बॅट लागलेली दिसतच नाही. हे चालतं का? (चिखली)

नाही. 2002 पासून बॉल रिसीव्हरपासून लपवता येत नाही, अंगानंही नाही आणि कपड्यानंही नाही. बॉल उघड्या, सपाट तळव्यावरून, जवळपास सरळ, किमान 16 सेंटीमीटर वर गेला पाहिजे. तो वर गेला की मोकळा हात बॉल आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून लगेच बाजूला घ्यावा लागतो. सर्व्हिस नियमात दिसते आहे हे पंचाला पटवण्याची जबाबदारी सर्व्हिस करणाऱ्याची आहे. पंचाला शंका असेल तर पहिल्या वेळी तो लेट देऊन ताकीद देऊ शकतो, पुन्हा शंका आली तर पॉइंट तुमचा. चूक उघड असेल तर पहिल्याच वेळी पॉइंट जातो.

तक्रार पॉइंट संपल्यावर, पुढची सर्व्हिस होण्याआधी, पंचाजवळ शांतपणे करा: "सर, हात मधे येतोय, बॉल दिसत नाही." पंच नसेल तर समोरच्याला तेच सांगा. आणि तुम्ही तयार नसताना त्यानं सर्व्हिस केली तर बॉलला बॅट लावायला जाऊ नका. बॉल मारायचा प्रयत्न केला की तुम्ही तयार होता असंच धरलं जातं.