बोनस शेअर मिळाले म्हणजे पैसे दुप्पट होतात का?

प्रश्न: कंपनीने १:१ बोनस जाहीर केला आहे. रेकॉर्ड डेटच्या आधी शेअर घेऊन ठेवले तर पैसे दुप्पट होतील ना? स्प्लिट आणि डिव्हिडंडचेही असेच असते का?

उत्तर: शेअर दुप्पट होतील, पैसे नाही. बोनस देताना कंपनी आपल्या राखीव निधीतील काही रक्कम भागभांडवलाच्या खात्यात वळवते. त्यात बाहेरून एक रुपया येत नाही की आतून एक रुपया जात नाही. मालमत्ता तेवढीच आणि वाटे दुप्पट, म्हणून एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्याने शेअर घेणाऱ्याला बोनस मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण निम्म्यावर उघडतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणारे माझे शेजारी गेल्या वर्षी अशाच एका सकाळी मोबाईल घेऊन घाबरून माझ्याकडे आले. दहाच दिवसांपूर्वी त्यांनी ८०० रुपयांच्या भावाने १०० शेअर घेतले होते आणि आता स्क्रीनवर ८० हजारांचे ४० हजार दिसत होते. भाव बोनसनंतरचा लागला होता, पण बोनसचे शेअर डीमॅट खात्यात अजून जमा व्हायचे होते. सेबीच्या नियमानुसार ते रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी विकता येतात. हातातले विकून मोकळे होण्याच्या त्यांच्या विचारापासून मी त्यांना परावृत्त केले. दोन दिवसांनी खात्यात २०० शेअर होते, भाव ४०० च्या आसपास होता. "एका पोत्यातली हळद दोन पोत्यांत भरली, एवढंच की," असे ते स्वतःच म्हणाले.

करात मात्र बोनस गुंतागुंतीचा आहे. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरली जाते आणि ते जवळ ठेवल्याची मुदत वाटपाच्या दिवसापासून मोजतात, तर जुन्या शेअरची किंमत ८०० च राहते. त्यामुळे जुने ४०० ला विकले की कागदावर ४० हजारांचा तोटा दिसतो. हा तोटा दाखवून कर वाचवू, असे काहींना वाटते; परंतु रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले शेअर त्यानंतरच्या नऊ महिन्यांत विकले आणि बोनसचे हातात ठेवले, तर तो तोटा ग्राह्य धरला जात नाही, तो बोनस शेअरची खरेदी किंमत म्हणून धरला जातो.

स्प्लिट याहून सोपे आहे. त्यात दर्शनी मूल्यच विभागले जाते, म्हणजे १० रुपयांच्या एका शेअरचे ५ रुपयांचे दोन होतात. तुमची खरेदी किंमतही ८०० ची ४०० होते आणि खरेदीची मूळ तारीख कायम राहते.

डिव्हिडंडमध्ये कंपनीकडची रोकड खरोखर बाहेर पडते, म्हणून भाव साधारण तेवढ्याने उतरतो, जरी बाजाराच्या इतर चढउतारात ती घट नेमकी दिसली नाही तरी. शेअरमागे २० रुपये मिळाले तर १०० शेअरवर २,००० रुपये बँकेत येतील, आणि तुम्ही २०% कराच्या टप्प्यात असाल तर उपकरासह त्यातले ४१६ रुपये करात जातील. म्हणजे केवळ डिव्हिडंडसाठी आदल्या दिवशी शेअर घेणारा आपल्याच भांडवलाचा एक भाग करपात्र उत्पन्न म्हणून परत घेतो.