साधा पॅकेट फिल्टर की एसपीआय? छोट्या ऑफिसच्या फायरवॉलविषयी

प्रश्न: म्हापशात आमचे हिशेबाचे काम करणारे छोटे ऑफिस आहे, दहाएक संगणक आहेत. राउटरमध्ये पॅकेट फिल्टरचे नियम घातलेले आहेत. विक्रेता म्हणतो की एसपीआय, म्हणजे चालू जोडण्यांची नोंद ठेवून पॅकेट तपासण्याची सोय, असलेला फायरवॉल घ्या. दोन्हींत नेमका फरक काय, आणि आम्हाला त्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर: बाहेरून आलेले पॅकेट आपल्याच संगणकाने मागितलेल्या गोष्टीचे उत्तर आहे, की कोणी आगंतुक आत शिरू पाहतो आहे, हे ठरवण्याच्या पद्धतीत सगळा फरक आहे. उत्तर गोव्यातील छोट्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळताना जे नेहमी पाहावे लागते, त्याच्या आधारे देतो.

समजा, आपल्याकडील एका संगणकावर कोणी जीएसटीचे पोर्टल उघडले. विंडोज त्या जोडणीसाठी ४९१५२ ते ६५५३५ यांमधील एक तात्पुरते पोर्ट निवडते, उदाहरणार्थ ५१५३४, आणि तेथून पोर्टलच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टकडे पॅकेट पाठवते. उत्तर उलट दिशेने, म्हणजे ४४३ कडून ५१५३४ कडे येते. साधा पॅकेट फिल्टर प्रत्येक पॅकेट सुटे तपासतो: कोठून आले, कोणाकडे चालले, प्रोटोकॉल कोणता, पोर्ट कोणते. क्षणापूर्वी आतून काय बाहेर गेले, हे त्याच्या लक्षात नसते. त्यामुळे उत्तरे आत यावीत म्हणून त्याला असा सैल नियम द्यावा लागतो:

```
tcp sport 443 tcp dport 1024-65535 accept
```

येथेच मोठी फट राहते, कारण पाठवणाऱ्याचे पोर्ट कोणते लिहायचे हे पाठवणाराच ठरवतो. हल्लेखोराने आपले पोर्ट ४४३ ठेवून रिमोट डेस्कटॉपच्या ३३८९ वर पॅकेट पाठवले, तर ते या नियमात चपखल बसते. खालची सीमा १०२४ ऐवजी ३२७६८ केली तर ३३८९ वाचते, परंतु विंडोजच्या काही अंतर्गत सेवा ४९१५२ च्या वरच कान देऊन असतात आणि त्या उघड्याच राहतात.

टीसीपीपुरता यावर एक बरा उपाय आहे. जोडणीच्या पहिल्या पॅकेटात एसीके हा फ्लॅग नसतो आणि पुढच्या पॅकेटांत तो असतो, म्हणून एसीके असलेलीच पॅकेटे आत सोडावीत, असा नियम अनेक राउटरांत `established` या शब्दाने लिहिता येतो. त्याने बाहेरून नवी जोडणी सुरू होणे थांबते, हे मान्य केले पाहिजे. तरीही एसीके लावलेले बनावट पॅकेट संगणकापर्यंत पोहोचते, संगणक त्याला नकाराचे उत्तर देतो आणि त्या पत्त्यावर चालू यंत्र आहे हे बाहेरच्याला कळते. यूडीपीत तर असे फ्लॅगच नाहीत. डीएनएसची उत्तरे येण्यासाठी पोर्ट ५३ वरून येणाऱ्या पॅकेटांवर विश्वास ठेवण्यावाचून साध्या फिल्टरला गत्यंतर नसते.

एसपीआय मात्र सरकारी कचेरीतील आवक-जावक नोंदवहीसारखे काम करते. आतून पॅकेट बाहेर जाताच दोन्ही पत्ते, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल यांची नोंद एका तक्त्यात होते, आणि आत येणारे पॅकेट त्या नोंदीशी जुळले तरच पुढे जाते. टीसीपीच्या बाबतीत जोडणी कोणत्या टप्प्यावर आहे हेही पाहिले जाते. वरच्या सैल नियमाची जागा मग हे नियम घेतात, आणि यांत न बसणारे सर्व काही टाकून दिले जाते:

```
ct state established,related accept
ct state invalid drop
iifname "lan0" oifname "wan0" ct state new accept
```

आता आपल्या गरजेविषयी. आयपीव्ही४ वर आपले दहा संगणक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे नॅटने झाकलेले असतील, तर नॅटला स्वतःलाच जोडण्यांचा तक्ता ठेवावा लागतो. नोंद नसलेले पॅकेट आत कोणाकडे पाठवावे हे त्याला कळतच नाही. त्यामुळे साध्या फिल्टरची उणीव तेथे जाणवत नाही. खरा प्रश्न आयपीव्ही६ चा आहे. फायबरच्या जोडणीवर ते सुरू असेल, तर प्रत्येक संगणकाला, प्रिंटरला आणि कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, आणि नॅटचा आडोसा राहत नाही. माझ्या मते आपण नवे उपकरण घेण्याआधी राउटरच्या पानावर आयपीव्ही६ चा फायरवॉल चालू आहे का, हे पाहावे. एसपीआय आजच्या बहुतेक राउटरांत आधीपासून असते. ते आयपीव्ही६ लाही लागू आहे का, हे मात्र वेगळे तपासावे लागते.

तपासणी सोपी आहे. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्यावा, त्याला आयपीव्ही६ मिळाल्याची खात्री करावी आणि रिमोट डेस्कटॉप चालू असलेल्या आपल्याच संगणकाचा पत्ता घालून हा आदेश द्यावा (येथील पत्ता नमुन्याचा आहे):

```
sudo nmap -6 -Pn -sS -g 443 -p 3389 2001:db8:10::25
```

`-g 443` मुळे आपले पोर्ट ४४३ असल्याचे पॅकेटात लिहिले जाते. उत्तर `open` आले, तर फिल्टर पोर्ट पाहून फसतो आहे किंवा तेथे फिल्टरच नाही. `closed` आले, तरी पॅकेट आतपर्यंत पोहोचले असाच त्याचा अर्थ होतो. `filtered` आले, तर ते वाटेतच अडले. मात्र ते राउटरने अडवले की संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलने, हे कळण्यासाठी संगणकाचा फायरवॉल तेवढ्यापुरता बंद करून तोच आदेश पुन्हा द्यावा, आणि चाचणी होताच तो न विसरता चालू करावा.

एसपीआय आल्यावर एक नवी अडचण उद्भवू शकते, आणि तिचे मूळ चटकन लक्षात येत नाही. तक्त्यातील नोंद कायम राहत नाही. जोडणी ठरावीक काळ निश्चल राहिली की ती पुसली जाते. आपल्याकडे दुपारी एकच्या सुमारास काम थांबवून तीननंतर पुन्हा बसण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. हिशेबाचा प्रोग्राम मडगावच्या शाखेतील सर्व्हरशी जोडलेला तसाच उघडा राहिला आणि फायरवॉलची मुदत एका तासाची असली, तर परतल्यावर पहिल्याच क्लिकला प्रोग्राम अडकून बसतो, आणि बंद करून पुन्हा उघडला की सुरळीत चालतो. जोडणी जिवंत ठेवणारे टीसीपीचे पॅकेट विंडोजमध्ये मुळात दोन तासांनी जाते, तेही प्रोग्रामने मागितले तरच. तोवर नोंद गेलेली असते. काम सलग चालू असताना त्रास नाही आणि विश्रांतीनंतरच तो होतो, एवढ्यावरून कारण ओळखावे. नॅटसाठीच्या आरएफसी ५३८२ मध्ये चालू टीसीपी जोडणीची मुदत किमान दोन तास चार मिनिटे असावी असे म्हटले आहे. फायरवॉलमध्ये ती ७४४० सेकंद किंवा त्याहून थोडी अधिक ठेवावी आणि प्रोग्राममध्ये ती जिवंत ठेवण्याची सोय असल्यास तीही चालू करावी.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याला अवश्य विचारावी. डीव्हीआर घरून पाहता यावा म्हणून पोर्ट फॉरवर्ड केलेले असेल, तर बाहेरून येणारी नवी जोडणी आपण स्वतःच नियमाने मान्य केलेली असते, आणि एसपीआय तिची नोंद करून तिला बिनदिक्कत आत सोडते. मेलमधून आलेल्या घातक फाइलने आतून बाहेर केलेली जोडणीही त्याला रीतसरच वाटते, कारण पॅकेटातील मजकूर ते वाचत नाही. तेव्हा डीव्हीआरचे फॉरवर्डिंग आणि आतल्या उपकरणांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारे राउटरमधील यूपीएनपी ही दोन्ही बंद करून बाहेरून येणाऱ्यांसाठी व्हीपीएन ठेवता येईल का, हे आधी पाहावे. आपला सध्याचा राउटर आयपीव्ही६ वर नोंदी ठेवत नसेल, किंवा त्यात व्हीपीएनची सोय नसेल, तरच नव्या फायरवॉलवर खर्च करावा.