जुलैमध्ये किती मिळाले?

"मी 33 वर्षांची आहे. साताऱ्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात 24 हजार येतात. दीड वर्षापासून पाककृतींचं यूट्यूब चॅनल चालवते. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असे सलग तीन महिने चॅनलने पगारापेक्षा जास्त दिले. साहेबांकडे अर्धा दिवस काम मागू का? नवरा म्हणतो, माग. सासूबाई म्हणतात, हातचं सोडू नकोस. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही."

ताई, दोन वर्षांपूर्वी सांगलीत माझ्याकडे वैभव आला होता (नाव बदललं आहे). त्याची गोष्ट सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या आकड्यांत नीट दिसतं.

वैभव कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचा. आठवड्याला सहा दिवस काम, हातात 26 हजार. गाव तासगावकडचं, घरची द्राक्षबाग, आणि त्याच बागेत उभं राहून तो द्राक्षशेतीचे व्हिडिओ करायचा. आला तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणाला, "मॅडम, नोव्हेंबरची कमाई 43 हजार. आता अर्धा पगार सोडला तर बिघडलं कुठे?"

मी विचारलं, "जुलैमध्ये किती मिळाले होते?" त्याला पटकन सांगता येईना. मग आम्ही यूट्यूब स्टुडिओ उघडून बारा महिने वहीत उतरवले. बँकेत पैसे कधी जमा झाले ते लिहिलं नाही, कुठल्या महिन्याची कमाई होती ते लिहिलं. हा फरक महत्त्वाचा आहे. जाहिरातींचे पैसे पुढच्या महिन्यात साधारण 21 ते 26 तारखेदरम्यान निघतात, आणि खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय निघतच नाहीत. वैभवची जुलैची कमाई आठ हजार रुपये, म्हणजे शंभर डॉलरच्या थोडी आतच. ऑगस्टमध्ये बँकेत काही आलं नाही आणि सप्टेंबरअखेर दोन महिन्यांचे 19 हजार एकदम आले. पासबुक बघून त्याला वाटलं होतं की चॅनलने उडी घेतली. खरं तर ते वर्षातल्या सगळ्यात पडक्या महिन्यांपैकी होते.

वर्षाची बेरीज झाली 2 लाख 46 हजार, म्हणजे महिन्याला सरासरी साडेवीस हजार. वैभव खूश झाला. पण घराचा हप्ता आणि मुलाची फी सरासरीने भरता येत नाही, म्हणून आम्ही ती बेरीज सोलून पाहिली. त्यात 22 हजार दोन खत कंपन्यांच्या जाहिरातींचे होते, आणि पुन्हा मिळतील असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं. आणखी 40 हजार एकाच व्हिडिओने दिले होते. ऑक्टोबरात अवकाळी पाऊस झाला, बागांवर डाऊनी हा बुरशीचा रोग आला आणि फवारणी सांगणारा त्याचा व्हिडिओ घराघरांत पोचला. असा पाऊस दरवर्षी पडत नाही, आणि पडू नये हीच सगळ्यांची इच्छा. हे दोन्ही बाजूला काढल्यावर सरासरी उरली पंधरा हजारांच्या थोडी वर.

तरीही मी त्या पंधरा हजारांवर थांबले नाही. जून, जुलै, ऑगस्ट हे तीन सगळ्यात कमी कमाईचे महिने होते. त्यांत अनुक्रमे नऊ, आठ आणि अकरा हजार मिळाले होते, म्हणजे सरासरी सव्वानऊ हजारांच्या आसपास. माझ्या मते कामाचे तास कमी करताना हाच आकडा धरावा. कमी केलेल्या तासांमुळे पगारातून जेवढे पैसे जाणार, तेवढे चॅनल आपल्या सगळ्यात पडत्या तीन महिन्यांत देतं का? वैभव तुलना करत होता ती सगळ्यात चांगल्या महिन्याशी. अर्धा पगार म्हणजे 13 हजार, ते पावसाळ्यातलं चॅनल भरून काढत नव्हतं. सहाऐवजी चार दिवस काम केलं, तर पगार एक तृतीयांश, म्हणजे पावणेनऊ हजारांच्या आसपास कमी होतो. तो खड्डा मात्र चॅनल जेमतेम भरत होतं.

कमाई अशी वरखाली का होते, हे कळल्याशिवाय पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. वैभवच्या बाबतीत दोन कारणं एकत्र आली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी असते, बागायतदार तेव्हा रोज माहिती शोधतात. नेमकं त्याच काळात दसरा-दिवाळीच्या खरेदीमुळे कंपन्या जाहिरातींवर जास्त पैसे लावतात, म्हणजे तेवढ्याच व्ह्यूजना जास्त रुपये मिळतात. जानेवारीत जाहिरातींचे दर उतरतात, मग व्ह्यूज तेवढेच राहिले तरी पैसे घटतात. ताई, तुमच्या तीन महिन्यांत गणपती, नवरात्र आणि दिवाळीचा फराळ आला. मोदक, उपवासाचे पदार्थ, चकली, अनारसे, हे सगळं तेव्हाच शोधलं जातं. तुमच्या दीड वर्षात पूर्ण पावसाळा एकच येऊन गेला असेल, त्याचे आकडे तुम्ही पत्रात लिहिलेले नाहीत. मला आधी ते हवेत.

आणखी एक गोष्ट वैभवच्या वहीत मला फार मोलाची वाटली. त्या ऑगस्टमध्ये त्याच्या आईचं मिरजेत ऑपरेशन झालं होतं आणि महिनाभर त्याने एकही नवा व्हिडिओ टाकला नव्हता. तरी अकरा हजार आले. ते पैसे छाटणी, पेस्ट, काडी तपासणी अशा जुन्या व्हिडिओंचे होते, जे शेतकरी दरवर्षी पुन्हा शोधून पाहतात. ज्या चॅनलची कमाई नवा व्हिडिओ थांबताच आटते, ते चॅनल तुमच्या रोजच्या श्रमांवर उभं असतं. तुम्ही आजारी पडलात की पगार गेला. एक वर्षाहून जुन्या व्हिडिओंनी गेल्या महिन्यात किती दिलं, हे स्टुडिओत तारीख लावून बघता येतं. तुमचं चॅनल तरुण आहे, तेव्हा सहा महिन्यांहून जुने व्हिडिओ बघा. शॉर्ट्सची कमाई मात्र त्यात मिसळू नका. तिथे व्ह्यूज लाखांत दिसतात आणि पैसे फार कमी असतात.

इथवर आकडे झाले. पण वैभव माझ्याकडे केवळ आकड्यांसाठी आला नव्हता. रात्री एकपर्यंत एडिटिंग, सकाळी सातला बस, कामावर डुलकी, घरी चिडचिड. बायको बोलेनाशी झाली होती. मी त्याला विचारलं, "चॅनल स्थिर आहे म्हणून तास कमी करायचेत, की तू थकलायस म्हणून?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, थकलोय. थकवा खरा असतो आणि त्याच्यावर इलाज लागतोच, पण पगार सोडणं हा त्यावरचा सगळ्यात महाग इलाज आहे. विश्रामबागेतला एक मुलगा पाचशे रुपयांत एक व्हिडिओ एडिट करून द्यायला तयार झाला. महिन्याला चार व्हिडिओ, दोन हजार खर्च. दोन आठवड्यांत वैभव अकराला झोपू लागला, आणि निर्णयाची घाई आपोआप ओसरली.

मग आम्ही चाचणी ठरवली. एप्रिलपासून पगार झाला की 8,700 रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ते नाहीतच असं समजून घर चालवायचं. काम मात्र सहाही दिवस करायचं. हे ऑगस्टपर्यंत. मी मुद्दाम पावसाळा निवडला. दिवाळीत केलेली चाचणी कुणीही पास होतो.

मे-जून बरे गेले. जुलैची कमाई साडेसात हजार झाली, पुन्हा शंभर डॉलरच्या आत, आणि ऑगस्टच्या शेवटी बँकेत चॅनलचा एक रुपयाही आला नाही. गणपती तोंडावर, घरात पाहुणे, आणि हातात फक्त 17,300. वैभवची बायको त्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा तिचा आवाज चढलेला होता, आणि तिचं बरोबर होतं. बाजूला टाकलेल्या पाच महिन्यांच्या 43,500 मधून त्या महिन्याचं भागवलं. तेव्हाच ठरलं की चॅनलचे पैसे थेट घरखर्चात येऊ द्यायचे नाहीत. ते वेगळ्या खात्यात साठतील आणि दर एक तारखेला तिथून ठरावीक रक्कम घरी येईल, चांगल्या महिन्यातही तेवढीच. ही गोष्ट जुलैने शिकवली. कागदावर आम्हाला ती दिसली नव्हती.

सप्टेंबरात तो मालकांशी बोलला. त्याआधी मी त्याला ग्रॅच्युइटीचा हिशेब करायला लावला, कारण हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात: मूळ वेतन व महागाई भत्त्याला 15 ने गुणून 26 ने भागायचं, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. वैभवचं मूळ वेतन 18 हजार, नोकरी नऊ वर्षं, म्हणजे साधारण 93 हजार. मूळ वेतन 12 हजारांवर आणून नंतर कधी नोकरी सोडली असती, तर आधीची नऊ वर्षंही बाराच्याच हिशेबाने मोजली गेली असती, म्हणजे त्या वर्षांचे 62 हजार. मालकांनी मूळ वेतन तेवढंच ठेवून भत्ते कमी करायचं मान्य केलं. त्यामुळे पीएफ पहिल्याइतकाच कापला जात राहिला आणि हातात आणखी सातशे कमी आले. वैभवने ते चालवून घेतलं. चार दिवसांचं काम, बाहेरचं काम करायची परवानगी आणि सहा महिन्यांत पुन्हा सहा दिवसांवर यायची मुभा, हे तिन्ही त्याने पत्रावर लिहून घेतलं. तुमच्या कंपनीत मेडिक्लेम असेल, तर कमी तासांवर तो राहतो का, हेही आधीच विचारा.

परत फिरायचा नियमही नवरा-बायकोने मिळून लिहिला. सलग तीन महिने कमाई गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या पाऊणपटीखाली गेली, तर पुन्हा सहा दिवस. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, कारण जानेवारी डिसेंबरपेक्षा कमीच येणार.

मोकळ्या झालेल्या दोन दिवसांत त्याने द्राक्षाचे जास्त व्हिडिओ केले नाहीत. पावसाळ्यात ते बघणारेच कमी असतात. त्याने हळद धरली. लागवड मे-जूनमध्ये, मग करपा, कंदकूज, भरणी, म्हणजे नेमके त्याचे रिकामे महिने. पुढच्या जुलैची कमाई 13 हजार झाली. अर्ध्या पगारावर यायचं का, हा विषय त्याने तेव्हा पुन्हा काढला. 13 हजार हा एकाच जुलैचा आकडा होता, म्हणून आणखी एक पावसाळा बघायचं ठरलं.

ताई, तुम्ही अर्धा दिवस मागितला तर 12 हजार जातील. मे ते ऑगस्टचे चार आकडे, कमाईच्या महिन्याप्रमाणे, मला लिहून पाठवा. तोवर साहेबांशी बोलू नका आणि पुढच्या पगारापासून 12 हजार बाजूला टाकायला लागा. सासूबाईंनाही ते खातं दाखवा.