काच वितळते की मऊ होते?

प्रश्न : "भाचीच्या अकरावीच्या पुस्तकात 'काच मऊ होते' असं आहे. बर्फ वितळतो तशी काच वितळत नाही का? आणि क्वार्ट्झ नि काच दोन्ही सिलिकाच, मग क्वार्ट्झला द्रवणांक आणि काचेला का नाही?"

ताई, पुस्तकातलं बरोबर आहे. दोन्हीत वीट तीच, एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडणारा पूल. क्वार्ट्झमधे या विटा ठरलेल्या कोनात, सुमारे १४४ अंशांत, पार टोकापर्यंत त्याच नक्षीत लागतात. काचेत शेजार तसाच पण पुलांचे कोन कमीजास्त, त्यामुळे चारदोन विटांपलीकडे नक्षी राहतच नाही. म्हणजे द्रवाची अव्यवस्था काचेत आधीपासूनच आहे, फक्त थिजलेली.

वितळणं म्हणजे नक्षी मोडून द्रव होणं आणि ते एका ठराविक तापमानाला होतं, काचेत मोडायला नक्षीच नाही तर द्रवणांक कुठून येणार? तापवलं की पूल तुटतात, नवे जुळतात, हे वाढत जातं आणि काच हळूहळू पातळ होते, लाखेसारखी. 'काचेतले बंध कमीजास्त ताकदीचे म्हणून' असं कारण पुस्तकं देतात, ते अर्धंच आहे.

आता आमच्या बडोद्यात लॅबच्या सामानाच्या दुकानात 'क्वार्ट्झ ट्यूब' मागितली की मिळते ती खरं तर सिलिकाची काच, क्वार्ट्झ नव्हे, पण नाव रूढ झालंय. ती आणि साध्या सोडा काचेची नळी शेजारीशेजारी बर्नरवर धरून बघा. सोडा काचेची ज्योत पिवळी होते, नळी लवकरच वाकते, सिलिकाची नुसती लाल होऊन तशीच राहते. सिलिका, बोरॉन ऑक्साइड हे जाळं विणणारे, म्हणजे फॉर्मर. सोडा हा मॉडिफायर, तो जाळ्यात शिरून पूल तोडतो, एका Na₂O मागे एक पूल जाऊन दोन लोंबते ऑक्सिजन उरतात, आणि सोडियम त्यांच्या आसपास बसतो. म्हणून सिलिका मऊ व्हायला १६०० अंशांच्या पुढे जावं लागतं तिथे सोडा काच सातशेच्या थोडं वर मऊ होते. नुसता सोडा घातला तर काच पाण्यात विरघळते बरं का, म्हणून जोडीला चुना लागतो.

आणि सिलिकाची नळी भट्टीत ठेवण्याआधी उघड्या बोटांनी धरू नका. घामातलं मीठ, म्हणजे पुन्हा सोडियमच, तिथल्या तिथे जाळं सैल करतं आणि हजारच्या वर खूप वेळ ठेवली की विटांना रांगेत लागायची सोय होते, बोटांच्या जागी पांढुरके डाग पडतात. तो भाग आता काच नाही, क्रिस्टोबलाइट आहे, सिलिकाचा दुसरा स्फटिक, आणि नळी गार होताना बहुधा तिथूनच तडकते.